काच, इन्सुलेशन आणि हवेची गळती: नागपूरच्या बिल्डिंगचा थर्मल रिपोर्ट परत येऊ नये म्हणून काय करायचं

बिल्डिंग एन्व्हलपचा कम्प्लायन्स रिपोर्ट, म्हणजे भिंत, छत, काच आणि दारं-खिडक्या मिळून कोडमध्ये बसतात हे दाखवणारा कागद, शेवटच्या आठवड्यात करायला घेतला की तो परत येतोच. गणित चुकलं म्हणून क्वचितच येतो, बहुतेकदा "हा आकडा कुठून आला?" या एका प्रश्नावर अडकतो आणि त्याचं उत्तर आपल्याकडे नसतं, कारण तो आकडा मागच्या प्रोजेक्टच्या एक्सेलमधून आलेला असतो.

खाली मी एकच केस धरून सगळं सांगतो: वर्धा रोडच्या बाजूचं एक पाच मजली हॉस्पिटल, एसी वॉर्ड, आरसीसी फ्रेम, मध्ये एएसी ब्लॉक, रस्त्याच्या बाजूला भरपूर काच. नाव घेत नाही. त्या रिपोर्टचा पहिला ड्राफ्ट माझाच होता आणि तो परत आला होता, तेव्हा चुका कुठे होतात ते मला चांगलं माहीत आहे.

टप्पा १: कुठला कोड, कुठली रांग

आकडेमोड करायच्या आधी तीन गोष्टी लिहून काढा: कोडची आवृत्ती, हवामान झोन आणि बिल्डिंगचा प्रकार. या लेखातले सगळे आकडे ईसीबीसी २०१७ या ऊर्जा बचतीच्या कोडचे आहेत, तो कमर्शियल बिल्डिंगसाठी आहे, कनेक्टेड लोड १०० किलोवॅट किंवा कॉन्ट्रॅक्ट डिमांड १२० केव्हीए आणि त्यावर असेल तर लागतो. नंतर २०२४ मध्ये नवी आवृत्तीही आली, तेव्हा तुमचा कागद कुठल्या आवृत्तीवर तपासला जाणार हे ज्या ऑफिसात सबमिट करायचा तिथे आधीच विचारून घ्या आणि पहिल्याच पानावर लिहा. फ्लॅटची स्कीम असेल तर हे सोडा, तिथे इको निवास संहिता लागते आणि तिचा हिशोबच वेगळा असतो.

नागपूर कंपोझिट झोनमध्ये येतं. उन्हाळ्यात ४५ डिग्री बघून बऱ्याच जणांना 'हॉट अँड ड्राय' लिहायचा मोह होतो, लिहू नका.

बिल्डिंगचा प्रकार मात्र खरा घात करतो. कंपोझिट झोनमध्ये भिंतीची कमाल यू व्हॅल्यू सर्वसाधारण ०.४० आहे (यू व्हॅल्यू म्हणजे एका चौरस मीटरमधून, एका डिग्रीच्या फरकाला, किती वॅट उष्णता जाते), पण १०,००० चौरस मीटरपेक्षा लहान ऑफिसला ०.६३ ची सूट आहे आणि तेवढ्याच शाळेला ०.८५ ची. हॉस्पिटलला यातली कुठलीच सूट नाही. आधीच्या ऑफिस प्रोजेक्टची फाइल कॉपी केली आणि ०.६३ तसंच राहिलं, असं माझ्या डोळ्यादेखत झालंय. आमच्या केसमधल्या मर्यादा अशा:

- भिंत: यू ०.४० पर्यंत
- छत: यू ०.३३ पर्यंत
- खिडकी: यू ३.० पर्यंत, एसएचजीसी, म्हणजे काचेतून आत येणारी उन्हाची उष्णता, ०.२७ पर्यंत (उत्तरेच्या खिडक्यांना ०.५०), व्हीएलटी, म्हणजे आत येणारा उजेड, किमान ०.२७
- काचेचं भिंतीशी प्रमाण: ४० टक्क्यांपर्यंत
- हवेची गळती: खिडक्या-दारांना दर चौरस मीटरला सेकंदाला २ लिटरपर्यंत, काचेच्या उघडझाप करणाऱ्या एंट्रन्स दाराला आणि फिरत्या दाराला ५ लिटरपर्यंत

*थांबा आणि बघा:* ड्रॉइंगवरचा उत्तरेचा बाण खरा आहे का? आर्किटेक्ट शीटवर बिल्डिंग सरळ बसावी म्हणून प्लॅन फिरवतात आणि बाण फिरवायचा राहून जातो. उत्तरेच्या काचेला जवळपास दुप्पट एसएचजीसी चालतो, तेव्हा बाण चुकला तर अख्ख्या एका बाजूची काच चुकते. गूगल मॅपवर प्लॉट उघडा, दोन मिनिटांचं काम आहे.

टप्पा २: आधी गृहीतकांचं पान, मग गणित

बहुतेक जण उलटं करतात, म्हणजे आधी एक्सेल आणि शेवटी "अझम्प्शन्स" नावाचं एक अर्धं पान. मी आता रिकामं गृहीतकांचं पान आधी उघडतो. चार कॉलम: वस्तू, आकडा, कागद कुठला, कागद कोणाचा आणि कधीचा. ज्या ओळीला कागद नाही ती लाल. लाल ओळ गणितात वापरता येते, पण मग तिथे कोडनं दिलेली डिफॉल्ट किंवा सगळ्यात वाईट किंमत घ्यायची, सेल्समनने फोनवर सांगितलेली नाही.

कागद मागताना नेमकं मागा. इन्सुलेशनसाठी लॅबचा टेस्ट रिपोर्ट पाहिजे, त्यात डेन्सिटी, जाडी आणि थर्मल कंडक्टिव्हिटी तिन्ही पाहिजेत आणि ती कंडक्टिव्हिटी किती तापमानाला मोजली तेही पाहिजे. कमी तापमानाला मोजलेला आकडा छान दिसतो, पण आपल्या गच्चीवर मे महिन्यात तो तसा राहत नाही. काचेसाठी फक्त ब्रोशर चालत नाही, त्याच कॉम्बिनेशनचा (बाहेरची काच, गॅप, आतली काच, कोटिंग कुठल्या बाजूला) डेटा पाहिजे. खिडकीच्या गळतीसाठी त्याच सिस्टीमचा टेस्ट रिपोर्ट पाहिजे, "याच कंपनीची दुसरी सिरीज" नाही.

*सावध:* टेस्ट रिपोर्टवर सॅम्पलची जाडी बघा. ५० मिलीमीटर बोर्डाचा रिपोर्ट देऊन साइटवर २५ चे दोन थर येतात, ते चालतं, पण बोर्डाची डेन्सिटी वेगळी असेल तर तो रिपोर्ट तुमचा नाही.

टप्पा ३: भिंत, आणि त्यातले कॉलम

माझा पहिला ड्राफ्ट इथेच पडला. गणित सोपं आहे, प्रत्येक थराची जाडी मीटरमध्ये घ्यायची, कंडक्टिव्हिटीने भागायची, सगळ्या थरांचे रेझिस्टन्स जोडायचे, आत-बाहेरच्या हवेच्या पातळ थराचे मिळवायचे आणि उलटं करायचं:

```
R = 0.13 + d1/k1 + d2/k2 + ... + 0.04
U = 1 / R
```

आमची मूळ भिंत: आतून १२ मिलीमीटर प्लास्टर (०.०१७), २०० चा एएसी ब्लॉक, कंडक्टिव्हिटी ०.१८ धरून (१.१११), बाहेरून १८ चं प्लास्टर (०.०२५). हवेच्या थरांसकट बेरीज १.३२३, म्हणजे यू आली ०.७६. एएसी लावलं म्हणजे इन्सुलेशन झालं असं ज्यांना वाटतं त्यांनी हा आकडा दोनदा वाचा, नुसत्या ब्लॉकने ०.४० गाठता येत नाही.

मग आम्ही ५० मिलीमीटरचा बोर्ड घातला, कंडक्टिव्हिटी ०.०३५. त्याचा रेझिस्टन्स १.४२९, बेरीज २.७५२, यू ०.३६. मी खूष, रिपोर्टमध्ये "०.३६, पास" लिहिलं आणि पाठवून दिलं.

परत आलं. तपासणाऱ्याने एकच ओळ लिहिली होती, "कॉलम आणि बीमचं काय?" बोर्ड आतल्या बाजूने होता, फक्त ब्लॉकच्या भागावर, कारण इंटिरियरवाल्याला कॉलमवर बोर्ड नको होता. स्ट्रक्चरल ड्रॉइंगवरून मोजलं तर भिंतीच्या एकूण क्षेत्रफळात कॉलम-बीम १५ टक्के निघाले. २३० मिलीमीटरच्या आरसीसीचा रेझिस्टन्स (कंडक्टिव्हिटी १.५८) फक्त ०.१४६, प्लास्टर आणि हवेचे थर धरून बेरीज ०.३५८, यू २.७९. आता क्षेत्रफळाच्या प्रमाणात सरासरी:

```
U = 0.85 × 0.363 + 0.15 × 2.79 = 0.73
```

म्हणजे १५ टक्के काँक्रीटने भिंतीची यू दुप्पट केली. बोर्डाचे पैसे खर्च करून आपण जवळपास नुसत्या ब्लॉकच्या भिंतीवर परत आलो.

*नेहमीची चूक:* सरासरी यू व्हॅल्यूची काढायची, रेझिस्टन्सची नाही. वरच्याच भिंतीत रेझिस्टन्सची सरासरी काढली तर २.३९ येते आणि त्यातून यू ०.४२ दिसते, म्हणजे "थोडक्यात हुकलं" असं वाटतं, बोर्ड जरासा जाड केला की झालं असं वाटतं. खरं उत्तर ०.७३ आहे. उष्णता सोपा रस्ता शोधते आणि सरासरी काढताना तो रस्ता लपवायचा नसतो.

उपाय म्हणजे बोर्ड बाहेरून, कॉलम-बीमवरूनही सलग. मग आरसीसीच्या भागाचा रेझिस्टन्स ०.३५८ अधिक १.४२९, यू ०.५६, आणि सरासरी ०.८५ गुणिले ०.३६३ अधिक ०.१५ गुणिले ०.५६, म्हणजे ०.३९३. पास, पण केसाच्या अंतराने. तेवढ्यात खरेदीवाल्याने जरा स्वस्त बोर्ड आणला, कंडक्टिव्हिटी ०.०३८. फरक किती दिसतो? काहीच नाही. पण सरासरी ०.४१ झाली आणि भिंत नापास. तेव्हा रिपोर्टमध्ये "५० मिलीमीटर इन्सुलेशन" असं मोघम लिहू नका, "५० मिलीमीटर, कंडक्टिव्हिटी ०.०३५ किंवा कमी, कॉलम आणि बीमवरून सलग" असं लिहा. आम्ही शेवटी ६० चा बोर्ड घेतला आणि झोप लागली.

एएसीच्या बाबतीत अजून एक. ०.१८ हा कोरड्या ब्लॉकचा आकडा आहे. पावसाळ्यात साइटवर उघडे पडलेले ब्लॉक चढवून लगेच प्लास्टर केलं तर ते महिनोन्‌महिने ओले राहतात आणि ओला ब्लॉक उष्णता जास्त नेतो. रिपोर्टात "ब्लॉक झाकून ठेवलेले आणि कोरडे" हे गृहीतक एका ओळीत लिहून टाका.

टप्पा ४: छत

इथे फार रमायचं नाही, पद्धत तीच. फक्त आतल्या हवेच्या थराचा आकडा ०.१३ ऐवजी ०.१७ घ्या, उष्णता वरून खाली येते म्हणून. आमच्याकडे १५० ची स्लॅब, खालून प्लास्टर, वर ब्रिकबॅट कोबा आणि स्क्रीड, या सगळ्याचा मिळून हवेसकट रेझिस्टन्स फक्त ०.५०. ०.३३ साठी ३.०३ पाहिजे. ७५ मिलीमीटरचा एक्सपीएस, कंडक्टिव्हिटी ०.०२९, घातला की ३.०९ होतो, यू ०.३२. कॉन्ट्रॅक्टरने ५० चा टाकला तर यू ०.४५ आणि सगळं मुसळ केरात.

*बघून घ्या:* जाडी ड्रॉइंगमध्ये, बीओक्यूमध्ये आणि रिपोर्टमध्ये तिन्हीकडे एकच आहे का. तिन्ही कागद तीन वेगळ्या माणसांनी केलेले असतात, त्यामुळे तिन्हीकडे एकच आकडा असला तर मलाच आश्चर्य वाटतं.

टप्पा ५: काच, म्हणजे अख्खी खिडकी

साइटवर मला कॉन्ट्रॅक्टर म्हणाला होता, "सर, काहून टेन्शन घेता, काच डबल आहे ना." डबल काच होतीच, लो-ई कोटिंगवाला डीजीयू, ब्रोशरवर यू १.८. कोडची मर्यादा ३.०. कोणालाही वाटेल की आरामात पास.

पण १.८ हा काचेच्या मधोमध मोजलेला आकडा आहे. कोड विचारतो तो फ्रेमसकट अख्ख्या खिडकीचा. आपल्याकडची साधी अॅल्युमिनियम फ्रेम, थर्मल ब्रेक नसलेली, उष्णतेच्या बाबतीत जवळपास उघडं दार आहे, तिची यू मी इथे ६.५ धरतो. आणि दोन काचांच्या मध्ये कडेने जी अॅल्युमिनियमची पट्टी असते, स्पेसर, तिच्यातूनही उष्णता येते, दर मीटरला ०.११ धरू.

वॉर्डातली एक स्लायडिंग खिडकी घ्या, १.२ बाय १.५ मीटर, क्षेत्रफळ १.८. स्लायडिंगची फ्रेम जाड, २५ टक्के जागा खाते. काच १.३५, फ्रेम ०.४५, दोन पल्ल्यांच्या काचांची कड मिळून सुमारे ७.४ मीटर.

```
U = (1.35×1.8 + 0.45×6.5 + 7.4×0.11) / 1.8 = 3.4
```

नापास. तीच काच, त्याच मापाची खिडकी, पण फिक्स्ड, फ्रेम १२ टक्के, एकच काच आणि कड ५ मीटर, तर यू येते २.७, पास. म्हणजे रिपोर्टात "डीजीयू, यू १.८" अशी एक ओळ लिहून चालणार नाही. खिडकीचे जितके प्रकार शेड्यूलमध्ये आहेत तितक्या ओळी पाहिजेत, प्रत्येकीत फ्रेम कुठली, काच कुठली, फ्रेमचं प्रमाण किती आणि अख्ख्या खिडकीची यू किती. वरचं माझं गणित नेमकं कुठे अडेल ते कळण्यापुरतं आहे, सबमिशनला मात्र मान्यताप्राप्त लॅबचं अख्ख्या खिडकीचं रेटिंग जोडा. रेटिंग नसलेल्या खिडकीला कोडमधल्या डिफॉल्ट किमती घ्याव्या लागतात आणि त्या दयामाया करत नाहीत.

आम्ही वॉर्डातल्या स्लायडिंग काढून थर्मल ब्रेकवाल्या केसमेंट घेतल्या. महाग पडल्या, पण पुढच्या टप्प्यात गळतीतही त्यांनीच वाचवलं.

आता एसएचजीसी, म्हणजे उन्हातली किती उष्णता काचेतून आत येते. नागपुरात यूपेक्षा हाच आकडा जास्त जाळतो, विशेषतः पश्चिमेला. मर्यादा ०.२७. जुन्या ब्रोशरवर एसएचजीसी नसतो, शेडिंग कोइफिशियंट असतो, त्याला ०.८६ ने गुणलं की साधारण एसएचजीसी मिळतो. गंमत अशी की लोकांना ही ट्रिक पाठ असते आणि मग ते एसएचजीसीलाच परत ०.८६ ने गुणतात. ०.२९ ची नापास काच ०.२५ होऊन पास होते. आमच्या एका व्हेंडरने पाठवलेल्या शीटमध्ये हेच होतं, मुद्दाम की चुकून ते देव जाणे. तपासायचं कसं? मूळ डेटाशीटवरचा शब्द स्वतः वाचा, कॉलमचं नाव काय आहे ते बघा.

व्हीएलटी, म्हणजे उजेड किती आत येतो, तो किमान ०.२७. एसएचजीसी खाली आणायला काळीकुट्ट काच घेतली की हा पडतो. दोन्ही आकडे एकाच काचेचे, एकाच डेटाशीटवरचे पाहिजेत, एक या ब्रोशरचा आणि एक त्या ब्रोशरचा असं करू नका.

छज्जाची सूट घ्यायची असेल तर घ्या, पण मोजून. प्रोजेक्शन फॅक्टर म्हणजे छज्जाची खोली भागिले खिडकीच्या तळापासून छज्जाच्या खालच्या बाजूपर्यंतची उंची. ६०० चा छज्जा आणि १८०० ची उंची असेल तर ०.३३. ०.२५ च्या खाली असेल तर विसरून जा. आणि छज्जा कायमस्वरूपी पाहिजे, ताडपत्री, हिरवं शेडनेट, बांबूची चटई हे सगळं उन्हाळ्यात कामाचं असलं तरी रिपोर्टात नाही.

टप्पा ६: हवेची गळती, जिथे सगळे आकडा ठोकून देतात

बहुतेक रिपोर्टात इथे एकच ओळ असते, "इन्फिल्ट्रेशन ०.५ एसीएच". ही ओळ दिसली की मी समजतो की पुढचंही कॉपी केलेलं आहे.

तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हीची खिचडी होते. पहिली, खिडकी किंवा दार या वस्तूची गळती, लॅबमध्ये ठरावीक दाबावर मोजलेली, दर चौरस मीटरला सेकंदाला किती लिटर. कोडची २ आणि ५ लिटरची मर्यादा हिच्यासाठी आहे. दुसरी, अख्ख्या बिल्डिंगची गळती, दारात पंखा लावून ५० पास्कल दाबावर मोजलेली. तिसरी, सिम्युलेशनमध्ये टाकलेला एसीएच, म्हणजे तासाला खोलीतली हवा किती वेळा बदलते, हा नेहमीच्या वाऱ्याचा अंदाज असतो. तिसऱ्याने पहिल्याची पूर्तता होत नाही. रिपोर्टात तिन्ही असतील तर तीन वेगळ्या ओळीत, प्रत्येकीपुढे दाब आणि युनिट.

युनिटची गडबड अशी होते. आमच्या खिडकीच्या टेस्ट रिपोर्टवर "क्लास ३" लिहिलं होतं, युरोपियन वर्गीकरण, म्हणजे १०० पास्कलला दर चौरस मीटरला तासाला ९ घनमीटरपर्यंत. कोडचे सेकंदाला २ लिटर म्हणजे तासाला ७.२ घनमीटर. ९ दिसले की नापास वाटतं, पण दाब वेगळा आहे. कोडची मर्यादा ७५ पास्कलची धरून आपला आकडा त्यावर आणायचा तर:

```
Q75 = Q100 × (75/100)^0.667
9 × 0.825 = 7.4 m³/h·m² = 2.06 L/s·m²
```

तरीही हुकलं, अगदी थोडक्यात! म्हणून नुसता क्लास लिहून सोडू नका, टेस्टमध्ये प्रत्यक्ष किती मोजलं तो आकडा मागा. आमच्या केसमेंटचा प्रत्यक्ष आकडा क्लासच्या मर्यादेपेक्षा बराच खाली होता आणि काम झालं. जुन्या स्लायडिंगच्या रिपोर्टमध्ये तर गळती जोडाच्या लांबीवर, दर मीटरला दिली होती, चौरस मीटरला नाही, तो आकडा लहान दिसतो म्हणून कोणीतरी सरळ उचलून टाकला होता.

*सावध:* कुठल्याही गळतीच्या आकड्यापुढे दाब लिहिलेला नसेल तर तो आकडा वापरू नका.

खिडकी घट्ट असून उपयोग नाही जर तिच्या चौकटीभोवती बोट जाईल एवढी फट असेल. कोड हे जोड सील करायला सांगतो: चौकट आणि भिंत, भिंत आणि छत, भिंत आणि पाया, आणि पाइप-केबल जातात ती सगळी भोकं. रिपोर्टात यासाठी एक डिटेल ड्रॉइंग जोडा, चौकटीभोवती फोम कुठे, सीलंट कुठे. आमच्याकडची खरी गळती एसीच्या कॉपर पाइपच्या भोकांची असते, ७५ मिलीमीटरचं भोक पाडतात, दोन पाइप आणि एक वायर घालतात आणि बाकीच्या जागेत सिमेंटच्या पिशवीचा कागद कोंबतात. मी बोलतोय ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आणि कूलर. नागपुरात हे लिहावंच लागतं. जनरल वॉर्डात एसी असूनही मार्चमध्ये कोणीतरी खिडकीचा पल्ला काढून तिथे कूलर बसवणार, खसच्या ताट्यांसकट. ती खिडकी मग रिपोर्टमधली खिडकी राहत नाही. आम्ही मालकाला सरळ विचारलं, कूलर कुठे येणार? दोन जागा निघाल्या, एक वेटिंग आणि एक कँटीन, दोन्ही एसी नसलेल्या. त्या भिंती नॉन-एसी भाग म्हणून आधीच वेगळ्या दाखवल्या, नंतर लपवाछपवी नको.

टप्पा ७: एक काही नापास निघालं तर

लगेच सगळं बदलायला धावू नका. कोडमध्ये ट्रेड-ऑफची पद्धत आहे, भिंत थोडी कमी पडली तर छत किंवा काच जास्त चांगली घेऊन एकूण भरून काढता येतं. पण सगळं त्यात टाकता येत नाही, गळती आणि सीलिंग हा अनिवार्य भाग आहे, त्याची भरपाई चांगल्या काचेने होत नाही. रिपोर्टच्या पहिल्या पानावर कुठली पद्धत वापरली तेही लिहा, प्रत्येक घटक वेगळा पास की ट्रेड-ऑफ. दोन्हीची सरमिसळ, म्हणजे भिंत एका पद्धतीने आणि काच दुसऱ्या पद्धतीने, हा परत येण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

टप्पा ८: साइटवर जाऊन तीन गोष्टी बघा

रिपोर्ट सबमिट झाला म्हणजे संपलं असं नाही, कम्प्लिशनच्या वेळी तोच रिपोर्ट हातात घेऊन कोणीतरी येतं.

काचेचं कोटिंग कुठल्या बाजूला आहे ते बघा. आपल्या हवेत ते बाहेरच्या काचेच्या आतल्या बाजूला, म्हणजे बाहेरून मोजलं तर दुसऱ्या पृष्ठभागावर पाहिजे. काच उलटी बसवली तर यू तेवढीच राहते, एसएचजीसी मात्र वाढतो, आणि नुसतं बघून कळत नाही. संध्याकाळी खोलीत उभे राहा, मोबाइलचा टॉर्च काचेजवळ धरा, चार प्रतिबिंबं दिसतील. त्यातलं एक वेगळ्या रंगाचं, थोडं लालसर किंवा निळसर, ते कोटिंग. आतून बघताना ते तुमच्याकडून तिसरं पाहिजे. आमच्या दुसऱ्या मजल्यावर सहा काचांत ते दुसरं निघालं. व्हेंडर आधी मानलाच नाही, मग मी त्याच्याच मोबाइलचा टॉर्च लावून दाखवला.

दुसरं, इन्सुलेशन झाकायच्या आधी फोटो. कॉलमवरून बोर्ड सलग गेलेला दिसतो असा, शेजारी टेप धरून, तारखेसकट. प्लास्टर झाल्यावर हे सिद्ध करायला भिंत फोडावी लागते. बोर्डाच्या पॅकेटवरचं लेबल पण फोटोत घ्या.

तिसरं, बदल झाले असतील तर गृहीतकांच्या पानाची नवी आवृत्ती काढा, जुनी खोडू नका. आमच्या फाइलमध्ये चार आवृत्त्या आहेत: बोर्ड ५० चा ६० झाला ती, स्लायडिंगच्या केसमेंट झाल्या ती, सहा काचा परत फिरवून बसवल्या ती, आणि कँटीनचा कूलर शेवटी किचनच्या भिंतीत गेला ती. तपासायला आलेल्या साहेबांनी गणित उघडलंही नाही, हे पानच अर्धा तास वाचत बसले आणि शेवटी विचारलं, "कॉपर पाइपच्या भोकांचा फोटो कुठाय?" तो नव्हता. दुसऱ्या दिवशी शिडी लावून काढून दिला.